थकलेल्या बिलांचं पत्र पाठवण्याआधी: मसुद्यातली धोक्याची वाक्यं कशी ओळखायची? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या छोट्या कारखान्यांचे हिशेब मी बघतो. बिलं थकली की मालक स्वतःच पत्र लिहितात आणि पाठवण्याआधी "जरा नजर टाका" म्हणून माझ्याकडे देतात. त्या वेळी जे प्रश्न हमखास निघतात ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणादाखल एकच पत्र शेवटपर्यंत घेतलं आहे. आकडे आणि तारखा मी बदलल्या आहेत, वाक्यं मात्र लोक लिहितात तशीच ठेवली आहेत.

आधी ते पत्र दाखवा. त्यात काय होतं?

टर्निंगचं काम करणारा एक छोटा कारखाना. उद्यम नोंदणी सूक्ष्म गटातली आणि पुरवठा सुरू होण्याच्या आधीची. एका मोठ्या कंपनीला त्याने तीन वेळा माल दिला. 12 जून 2024 चं बिल ₹1,85,000 चं, 3 जुलैचं ₹1,62,000 चं आणि 29 जुलैचं ₹1,40,000 चं, सगळे आकडे जीएसटीसह. बिलाच्याच दिवशी माल कंपनीच्या गेटवर उतरला. 20 सप्टेंबरला ₹50,000 आले, पुढे काही नाही. जानेवारीत मालकांनी लिहिलेला मसुदा असा:

"गेल्या वर्षी तुम्ही गोड बोलून आमच्याकडून पाच लाखांचा माल घेतलात आणि आता फोनसुद्धा उचलत नाही. ही सरळसरळ फसवणूक आहे. तुमच्या परचेस मॅनेजरने कमिशन मागितलं, ते दिलं नाही म्हणून बिलं अडकवली आहेत. तिसऱ्या लॉटमध्ये थोडा प्रॉब्लेम होता आणि तुम्ही तो लगेच कळवला होता हे आम्हाला मान्य आहे, पण तेवढ्यासाठी सगळे पैसे अडवणं बरोबर नाही. साठ दिवसांची मुदत कधीच उलटली. आठ दिवसांत पैसे आले नाहीत तर 420 ची केस टाकू, जीएसटी आणि इन्कम टॅक्सला कळवू आणि कंपनीला एनसीएलटीत खेचू. आमचेही बँकेचे हप्ते थकले आहेत. साडेतीन लाख दिलेत तरी आम्ही विषय संपवू."

पत्र लिहिणाऱ्या माणसाचा राग खोटा नव्हता. सहा महिने पैसे अडकले की कारागिरांचा पगार कुठून द्यायचा हा प्रश्न रोज सकाळी समोर उभा असतो. पण या पत्रात कंपनीच्या वकिलाच्या कामाला येतील अशी निदान सात वाक्यं आहेत.

यातलं सगळ्यात घातक वाक्य कोणतं? "फसवणूक आहे" हेच ना?

नाही. "तिसऱ्या लॉटमध्ये थोडा प्रॉब्लेम होता आणि तुम्ही तो लगेच कळवला होता हे आम्हाला मान्य आहे" हे.

रागाची वाक्यं डोळ्यात भरतात, म्हणून ती कोणीतरी खोडतं. समजूतदारपणे लिहिलेली वाक्यं तशीच निसटतात, आणि नुकसान तीच जास्त करतात. "थोडा प्रॉब्लेम" म्हणजे किती नग? कसला दोष? पत्रात आकडा नाही, म्हणून समोरचा पक्ष त्याचा अर्थ सगळा लॉट खराब होता असा लावू शकतो. पुढे वाद सूक्ष्म व लघु उपक्रम सुविधा परिषदेत किंवा कोर्टात गेला की हेच वाक्य तुमच्या सहीसकट समोर येतं, आणि मग "आम्ही नुसतं सौजन्याने लिहिलं होतं" म्हणून भागत नाही.

त्याहून वाईट भाग आहे "लगेच कळवला होता" हा. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, 2006 मध्ये माल स्वीकारल्याची तारीख कशी धरायची हे सांगितलं आहे. माल मिळाल्यापासून 15 दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल मिळाला तोच दिवस स्वीकृतीचा मानला जातो. लेखी हरकत घेतली असेल, तर पुरवठादाराने ती दूर केली तो दिवस धरतात. पैसे देण्याची मुदत या तारखेपासून मोजतात, आणि व्याज ती मुदत संपल्यावर सुरू होतं. म्हणजे हरकत वेळेत आली होती असं तुम्हीच लिहून दिलंत, तर घड्याळ तुमच्याच हाताने पुढे ढकललंत.

प्रत्यक्षात काय झालं होतं? मी फाईल मागवली. तिसऱ्या लॉटचे 700 नग होते, नगाला ₹200. कंपनीचं रिजेक्शन चलन निघालं 24 ऑगस्टला, म्हणजे माल मिळाल्यावर 26 दिवसांनी, आणि ते होतं फक्त 40 नगांचं. त्याआधी कोणीतरी फोनवर "दोन-चार पीस ढिले बसतायत" म्हणालं होतं, तेवढंच. मालकांनी 40 नग परत घेऊन ₹8,000 ची क्रेडिट नोटही दिली होती. उरलेल्या 660 नगांबद्दल एका ओळीची लेखी तक्रार नव्हती. कागद इतके भक्कम असताना "थोडा प्रॉब्लेम होता" लिहिणं म्हणजे हातातला पुरावा टाकून देणं. दुरुस्त वाक्य असं झालं:

"29 जुलै 2024 च्या बिलातील 700 नगांपैकी 40 नग आपल्या 24 ऑगस्ट 2024 च्या रिजेक्शन चलनाने परत आले. व्यावसायिक संबंध लक्षात घेऊन आम्ही ते परत घेतले व ₹8,000 ची क्रेडिट नोट दिली. उर्वरित 660 नगांबाबत आपल्याकडून कोणतीही लेखी हरकत आलेली नाही."

मग "फसवणूक" लिहायला हरकत नाही?

हरकत आहे, पण कारण वेगळं आहे. पैसे वेळेवर न देणं आणि फसवणूक करणं या कायद्याच्या दृष्टीने दोन निराळ्या गोष्टी आहेत. फसवणुकीसाठी व्यवहाराच्या सुरुवातीलाच फसवण्याचा हेतू होता हे दाखवावं लागतं. करार मोडला एवढ्यावरून फसवणूक ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत सांगितलं आहे. इथे तर कंपनीने ₹50,000 दिले आहेत, माल वापरला आहे, चलन काढलं आहे. सुरुवातीपासून बुडवायचंच होतं असं दाखवणारा एकही कागद फाईलमध्ये नाही.

आरोप सिद्ध होत नसला की बदनामीचा प्रश्न उभा राहतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली बदनामीला दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा अशी शिक्षा आहे. बदनामीसाठी मजकूर तिसऱ्या माणसापर्यंत पोचावा लागतो. "मी तर पत्र कंपनीलाच पाठवलं" असं लोक म्हणतात, पण परचेस मॅनेजरवर आरोप असलेलं पत्र कंपनीचा संचालक, लेखापाल आणि टपाल उघडणारा क्लार्क वाचतो. ते सगळे त्या मॅनेजरच्या दृष्टीने तिसरेच. आपल्या हितरक्षणासाठी सद्भावनेने केलेलं विधान हा कायद्यात अपवाद आहे, पण सद्भावना तुम्हाला दाखवावी लागते, आणि "कमिशन न दिल्यामुळे बिलं अडकवली" याला कागद नसेल तर ती दाखवणं अवघड जातं.

पण त्याने कमिशन खरंच मागितलं असेल तर? गप्प बसायचं का?

अजिबात नाही. फक्त ती तक्रार वसुलीच्या पत्रात घालू नका. बऱ्याच मोठ्या कंपन्यांत दक्षता विभाग किंवा गैरप्रकारांची तक्रार घेण्याची सोय असते. तिथे वेगळं पत्र द्या. अमुक तारखेला, अमुक ठिकाणी, कोण काय बोललं, कोण हजर होतं, कोणता मेसेज आला, एवढंच लिहा. "म्हणूनच बिलं अडकली" हा निष्कर्ष तुम्ही काढू नका, तो त्यांना काढू दे. तसं पत्र योग्य अधिकाऱ्याकडे सद्भावनेने केलेली तक्रार ठरतं आणि त्याला कायद्याचं संरक्षण जास्त मिळतं.

वसुलीच्या पत्रात हा आरोप आला की आणखी एक तोटा होतो. कंपनी सगळं उत्तर त्या आरोपाभोवतीच रचते. तीन पानं मॅनेजरच्या सचोटीवर, आणि बिलांबद्दल "हिशेब तपासत आहोत" अशी एक ओळ. मुद्दा तुमच्या पैशांचा होता, तो बाजूला पडतो.

पत्राची प्रत इंडस्ट्रिअल असोसिएशनला किंवा व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली तर दबाव येतो. टाकू का?

टाकू नका. आपण वर ज्या बदनामीबद्दल बोललो तिला लागणारा "तिसरा माणूस" तुम्ही स्वतःच शेकड्याने गोळा करून देता. प्रत कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाला, वित्त विभागाला आणि हवं तर संचालकांना पाठवा. त्यांना हे कळण्याचा संबंध आहे. शेजारच्या कारखानदाराला नाही.

"गुन्हा दाखल करू", "इन्कम टॅक्सला कळवू" ही वाक्यं का काढायची? हा आपला हक्कच आहे ना?

तक्रार करण्याचा हक्क आहे. "पैसे द्या, नाहीतर तक्रार करतो" असं लिहिलं की तक्रार सौद्याची वस्तू होते. आरोपाची भीती दाखवून पैसे काढणं खंडणीच्या व्याख्येजवळ जातं, आणि बदनामीची किंवा नुकसानीची धमकी गुन्हेगारी धाकदपटशात बसवण्याचा प्रयत्न होऊ शकतो. तुमचे पैसे हक्काचे असताना अशी तक्रार टिकेलच असं नाही. पण ती टिकली नाही तरी तारखा, वकील आणि मनस्ताप तुमच्या वाट्याला येतोच. तुम्ही धमकी दिल्यावर पुढे खरोखर तक्रार केलीत, तरी ती वसुलीसाठी केलेली खोडसाळ तक्रार म्हणून रंगवणं समोरच्याला सोपं जातं.

दुसरी अडचण पोकळपणाची. मसुद्यातल्या प्रत्येक धमकीपुढे मी दोन प्रश्न लिहितो: हे आपल्याला करता येतं का, आणि आपण ते करणार आहोत का? या पत्राचं काय झालं पाहा.

"420 ची केस": ते कलम जुन्या दंडसंहितेतलं. 1 जुलै 2024 पासूनच्या कृत्यांना भारतीय न्याय संहिता लागू आहे आणि तिच्यात फसवणुकीचं कलम 318 आहे. शिवाय या व्यवहारात फसवणुकीचे घटकच नाहीत हे वर आलंच.

"एनसीएलटीत खेचू": एनसीएलटी म्हणजे कंपन्यांची दिवाळखोरी प्रकरणं चालवणारं न्यायाधिकरण. तिथे दिवाळखोरी संहितेखाली अर्ज करायला थकबाकी किमान एक कोटीची लागते. ही मर्यादा मार्च 2020 पासून आहे. इथे रक्कम साडेचार लाखांच्याही आत. कंपनीचा वकील हे वाक्य वाचतो आणि त्याला कळतं, पत्र कोणी जाणकाराने पाहिलेलं नाही. मग खऱ्या इशाऱ्यांचंही वजन जातं.

"जीएसटीला कळवू": यामागे एक खरी गोष्ट आहे, आणि ती धमकी न करता लिहिता येते. बिलाच्या तारखेपासून 180 दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला त्या बिलाचं इनपुट टॅक्स क्रेडिट व्याजासह उलटवावं लागतं. पहिल्या बिलाचे 180 दिवस 9 डिसेंबरला भरले होते. "या तरतुदीकडे आपल्या वित्त विभागाचं लक्ष वेधतो" एवढं पुरे. वित्त विभागातल्या माणसाला त्याचा अर्थ नीट कळतो.

मग इशारा द्यायचाच नाही? पत्र अगदी मवाळ होईल.

मवाळ होत नाही. खरा उपाय नावानिशी लिहिला की पत्र उलट जड होतं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाने माल दिला असेल तर लेखी करारात काहीही मुदत असली तरी ती स्वीकृतीपासून 45 दिवसांपुढे जात नाही. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागतं. त्या काळात बँक रेट 6.75 टक्के होता, म्हणजे व्याज 20.25 टक्के. वसुलीसाठी सूक्ष्म व लघु उपक्रम सुविधा परिषदेकडे अर्ज करता येतो. हे तिन्ही आपल्याला करता येतं आणि मालक करायला तयार होते. म्हणून तेवढंच लिहिलं.

"आठ दिवसांत दिवाणी दावा लावू" असंही लोक लिहितात. तीन लाख किंवा त्याहून जास्त रकमेच्या व्यापारी वादात तातडीचा अंतरिम दिलासा मागायचा नसेल, तर दाव्याआधी मध्यस्थीची पायरी बंधनकारक आहे. ती न चढता लावलेला दावा फेटाळला जाऊ शकतो. तेव्हा आठ दिवसांची भाषा इथेही पोकळ.

"साठ दिवसांची मुदत" यात काय चुकलं? ऑर्डरवर साठच लिहिलं होतं.

ऑर्डरवर होतं हे खरं. पण कायद्याची कमाल मर्यादा 45 असताना तुम्ही स्वतः 60 धरून लिहिलंत तर तुम्हालाच ती मुदत मान्य होती असा युक्तिवाद उभा राहतो. कायद्याचा हक्क त्याने जात नाही, पण वाद एकाने वाढतो. पत्रात थेट तारखा द्याव्यात. या तीन बिलांचे 45 दिवस अनुक्रमे 27 जुलै, 17 ऑगस्ट आणि 12 सप्टेंबर 2024 ला संपले.

रक्कम गोल लिहिली तर काय बिघडतं?

बिलं ₹4,87,000 ची आणि पत्रात "पाच लाख". ₹13,000 चा फरक. कंपनीचं उत्तर ठरलेलं: "आपली मागणी आमच्या खात्याशी जुळत नाही, कृपया हिशेब पाठवा." महिना गेला. ₹50,000 वजा, क्रेडिट नोटचे ₹8,000 वजा, म्हणजे बाकी ₹4,29,000. आलेले ₹50,000 कोणत्या बिलापोटी धरले तेही लिहा. इथे पहिल्या बिलात धरले, म्हणून त्याची बाकी ₹1,35,000 राहिली.

चेक परत आला असेल तर आकड्याची चूक नुसता वेळ घालवत नाही, हक्कच घालवते. चेक न वटल्याचं बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस जावी लागते, आणि तिच्यात मागणी चेकच्याच रकमेची असावी लागते. समजा ₹1,35,000 चा चेक परत आला आणि नोटिशीत तुम्ही सगळी थकबाकी ₹4,29,000 एकत्र मागितलीत, तर चेकचा खटला त्यावरच पडू शकतो. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात नोटिशीतली रक्कम चेकपेक्षा वेगळी होती म्हणून नोटीस अवैध ठरवली. टायपिंगची चूक होती हे कारण तिथे चाललं नाही. म्हणून चेकची नोटीस कायम स्वतंत्र ठेवा आणि ती वकिलाकडूनच करून घ्या. त्यात मी हात घालत नाही.

"आमचे हप्ते थकले आहेत" हे खरंच आहे. लिहिलं तर दया येणार नाही का?

खरेदी विभागात ते वाक्य दयेने वाचलं जात नाही. तिथे त्याचा अर्थ "हा कमी रकमेत तुटेल" असा होतो. आणि पुढच्याच ओळीत "साडेतीन लाख दिलेत तरी चालेल" आलं की ₹79,000 सोडल्याचं तुम्ही लिहूनच दिलंत. त्याच्याखाली उत्तर येईल, वर नाही.

तडजोड करायचीच असेल तर वेगळ्या पत्राने करा. त्यावर सुरुवातीलाच "तडजोडीच्या हेतूने, हक्क अबाधित राखून, पुरावा म्हणून वापरू नये" असं स्पष्ट लिहा आणि प्रस्ताव किती तारखेपर्यंत खुला आहे तेही टाका. पुरावा म्हणून वापरायचं नाही या स्पष्ट अटीवर दिलेली कबुली दिवाणी प्रकरणात वापरता येत नाही. वकील मंडळी याला "विदाउट प्रेज्युडिस" म्हणतात. पण हा मंत्र सगळीकडे चालत नाही. काही लोक तो प्रत्येक पत्राच्या डोक्यावर छापतात, मागणीच्या पत्रावरसुद्धा. मागणीचं पत्र तर तुम्हाला पुरावा म्हणून हवंच असतं. त्यावर तो शिक्का मारून काय मिळवणार?

रोखीच्या व्यवहाराचीही अशीच एक ओळ मसुद्यात सापडते: "बाकीचे तीन लाख तुम्ही रोख दिले होते, त्याची नोंद नाही." एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घेणाऱ्याला प्राप्तिकर कायद्यात तेवढ्याच रकमेचा दंड आहे. अशी ओळ दिसली तर पत्र तिथेच थांबवा आणि आधी तुमच्या सीएंना दाखवा. खोडून लपवायचंही नाही आणि न समजता लिहूनही द्यायचं नाही.

आम्ही देणेकरी आहोत. उत्तराच्या पत्रात काय सांभाळायचं?

"आपली बाकी आम्हाला मान्य आहे, सध्या अडचण आहे, लवकरच देऊ" हे वाक्य. मुदत कायदा, 1963 च्या कलम 18 प्रमाणे मुदत संपण्याआधी देणं लेखी आणि सहीनिशी मान्य केलं की त्या दिवसापासून मुदत पुन्हा नव्याने सुरू होते. मालाच्या पैशांसाठी ती तीन वर्षं असते. रक्कम लिहिली नाही, देण्यास नकार दिला किंवा पत्र तिसऱ्यालाच लिहिलं तरी ती मान्यता ठरू शकते. आर्थिक वर्षअखेरीला येणारं बॅलन्स कन्फर्मेशन डोळे मिटून सही करून परत पाठवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. मुदत उलटून गेल्यावरही सहीनिशी "देतो" असं वचन दिलं तर करार कायद्याच्या कलम 25 खाली ते नव्याने बांधून घेतं.

देणं खरंच असेल आणि द्यायचंच असेल, तर ते जरूर मान्य करा. लपवाछपवी शिकवण्यासाठी हे पान लिहिलेलं नाही. पण किती बिलं, किती रक्कम मान्य आहे आणि कोणती वादात आहे हे वेगवेगळं लिहा. सगळ्यावर एकच "मान्य" नको. येणेकऱ्याने याच कारणासाठी दर 31 मार्चला बाकीचा उतारा पाठवून सही मागत राहावं.

मी स्वतः मसुदा तपासायला बसलो तर सुरुवात कुठून करू?

प्रिंट काढा. वाक्यांना आकडे घाला. प्रत्येक वाक्याशेजारी समासात त्याचा कागद लिहा: बिल नंबर, चलन, बँक स्टेटमेंटची तारीख, ईमेल. ज्याच्याशेजारी काहीच लिहिता येत नाही ते वाक्य एकतर मत असतं किंवा आरोप. ते जातं. मग कंपनीचा वकील म्हणून वाचा आणि "मान्य", "चूक", "दिलगीर", "थोडा", "तरी चालेल" या शब्दांखाली रेघ मारा. शेवटी "जाणूनबुजून", "लबाडी", "हेतुपुरस्सर" असे दुसऱ्याच्या मनातलं सांगणारे शब्द शोधा. तुम्हाला त्याचं मन दिसत नाही, त्याचं खातं दिसतं. "फोन उचलत नाही" याच्या जागी "5, 12 आणि 19 डिसेंबरच्या ईमेलना उत्तर आलेलं नाही" लिहा.

शेवटी गेलेलं पत्र कसं होतं?

"विषय: थकीत बिलांची रक्कम ₹4,29,000 अदा करण्याबाबत.

सोबतच्या तक्त्यातील तीन बिलांपोटी, दि. 20 सप्टेंबर 2024 रोजी मिळालेले ₹50,000 (बिल क्र. 1 मध्ये जमा) व ₹8,000 ची क्रेडिट नोट वजा जाता, ₹4,29,000 येणे आहेत." वर दिलेली 40 नगांची वाक्यं इथे जशीच्या तशी आली. "आमचा उपक्रम उद्यम नोंदणीकृत सूक्ष्म उपक्रम असून वरील बिलांची 45 दिवसांची मुदत अनुक्रमे 27 जुलै, 17 ऑगस्ट व 12 सप्टेंबर 2024 रोजी संपली आहे. हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत रक्कम जमा करावी. एखाद्या बिलाबाबत वाद असल्यास बिल क्रमांक व कारणासह त्याच मुदतीत लेखी कळवावे व निर्विवाद रक्कम तोवर अदा करावी. अन्यथा 2006 च्या अधिनियमातील कलम 16 नुसार व्याजासह वसुलीसाठी सुविधा परिषदेकडे अर्ज करण्यात येईल."

सोबत बिलं, चलनं, क्रेडिट नोट आणि खात्याचा उतारा. स्पीड पोस्टने नोंदणीकृत कार्यालयाला, ईमेलने वित्त विभागाला. पोचपावती फाईलमध्ये.

मालकांनी ते वाचून विचारलं, "यात माझा राग कुठे गेला?" मी त्यांना "निर्विवाद रक्कम तोवर अदा करावी" ही ओळ दाखवली. 40 नगांचं निमित्त पुढे करून ₹4,29,000 अडवून ठेवणाऱ्याला आता लेखी सांगावं लागणार होतं, बाकीचे पैसे कशासाठी थांबवले आहेत ते.

वकिलाकडे कधी जायचं?

चेक परत आला असेल, समोरून वकिलाची नोटीस आली असेल, तीन वर्षांची मुदत संपायला थोडे महिने उरले असतील, उद्यम नोंदणी पुरवठ्यानंतरची असेल, किंवा पत्रात कोणाचं नाव घेऊन आरोप केल्याशिवाय तुमचा मुद्दाच उभा राहत नसेल, तर मसुदा घेऊन थेट जा. जाताना समासात कागद लिहिलेली तीच प्रिंट न्या. वकिलाचा अर्धा तास वाचतो.